नाकाचा स्प्रे आणि रक्त

‘दोन दिवस स्प्रे मारला, शिंका तशाच, वर नाकातून रक्त. स्टेरॉइडने नाक जळतं म्हणतात, ते खरंच ना?’

नाही, नाक जळत नाही. रक्त बहुतेकदा चुकीच्या दिशेमुळे येतं. उजव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारला की फवारा मधल्या पडद्यावर बसतो. तिथलं आतलं अस्तर नाजूक असतं. ते कोरडं पडून खपली धरतं. म्हणून उजव्या नाकपुडीला डावा हात, मान किंचित खाली, नळीचं टोक त्याच बाजूच्या कानाकडे. जोरात ओढू नका, औषध घशात उतरतं.

पुण्यात पावसाळ्यानंतर गाजरगवत फुलतं, त्याच्या परागांच्या ॲलर्जीने शिंका येतात, तेव्हा स्प्रेचा दोन दिवसांत निकाल लावू नका. रोज मारलात तर पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागू शकतात. रक्त दिसलं तर काही दिवस थांबा, सलाइनचे थेंब घाला. पुन्हा आलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या.