पार्श्वभूमी: अशुद्ध मजकूर ही फसवणुकीची खूण का उरली नाही

2022 साली लाईटबिलाचा एक इंग्रजी मेसेज मुंबईत आणि राज्यभर घरोघरी पोचला. आज रात्री साडेनऊला तुमचा वीजपुरवठा तोडला जाईल, कारण मागच्या महिन्याचे बिल ‘वॉज नॉट अपडेट’. ताबडतोब आमच्या वीज अधिकाऱ्याला ‘कॉन्टॅक्ट विथ’ करा. खाली दहा आकडी मोबाइल नंबर. दोन ओळींत इंग्रजीच्या दोन ढोबळ चुका होत्या, आणि सावधगिरीच्या बहुतेक पत्रकांत तेव्हा लिहिलेले असे की भाषा अशुद्ध दिसली तर संशय घ्या. नियम या मेसेजला तंतोतंत लागू पडत होता. तरीही लोकांनी फोन केले आणि पैसे गमावले. त्यांत शिकलेसवरलेले लोकही होते.

हा नियम भाषांतराच्या साधनांनी मोडला असे आता सगळीकडे सांगितले जाते, आणि ते खरे आहे. पण मराठी घरात तो आधीपासूनच लंगडा होता, हे सहसा कोणी सांगत नाही. पत्रकातला नियम मजकुराची परीक्षा घेतो असे वाटते. इथे तो वाचणाऱ्याच्या इंग्रजीची परीक्षा घेत होता. ज्या आजोबांना ‘वॉज नॉट अपडेट’मध्ये काही खटकत नाही, त्यांच्या हाती हा नियम कधी पडलाच नाही. आणि ज्यांना खटकले, त्यांनाही सरकारी इंग्रजी असेच असते हा आयुष्यभराचा अनुभव होताच.

नियमाचे मूळ परदेशी पत्रांत आहे. तुरुंगात अडकलेल्या श्रीमंत माणसाला सोडवायला थोडे पैसे पाठवा, तो सुटला की मोठा वाटा तुम्हाला, ही थाप युरोपात एकोणिसाव्या शतकातही चालत होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस नायजेरियातून तशाच धर्तीची पत्रे, मग फॅक्स आणि शेवटी ईमेल येऊ लागले. तिथल्या फौजदारी कायद्याच्या कलमावरून या प्रकाराला ‘419’ हे नाव पडले. लिहिणाऱ्यांना इंग्रजी येत असे, पण वाचणाऱ्यांच्या घडणीचे नसे. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या वाचकाला ते पहिल्या ओळीतच कळे. तिथल्या पत्रकांत हा नियम आला आणि भाषांतरित होऊन आपल्याकडे पोचला.

इथे एका वादाकडे थोडे सविस्तर पाहायला हवे, कारण त्यावरून आजही गोंधळ होतो. भामटे चुका मुद्दाम करतात, असे ठासून सांगणारे बरेच भेटतात. या समजुतीला बळ मिळाले ते 2012 साली एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या संशोधकाने लिहिलेल्या एका निबंधातून. त्याचा प्रश्न साधा होता: नायजेरिया म्हटले की लोक सावध होतात हे ठाऊक असूनही हे लोक पत्रात नायजेरियाचे नाव का घेतात? त्याचे उत्तर हिशेबाचे होते. लाख ईमेल पाठवायला जवळजवळ काही लागत नाही. खर्च सुरू होतो तो उत्तर आल्यावर, कारण मग माणूस बसवून आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार करावा लागतो. उत्तर देणारा मध्येच शहाणा झाला तर ती सगळी मेहनत फुकट. म्हणून पहिलेच पत्र इतके अचाट असावे की संशयी माणसाने ते लगेच फेकून द्यावे आणि उत्तर फक्त शेवटपर्यंत येणाऱ्यानेच द्यावे.

हा तर्क मला पटतो. पण तो देशाच्या नावाबद्दल आणि गोष्टीच्या अचाटपणाबद्दल होता. लोकांनी तो परस्पर व्याकरणाला जोडला आणि ‘चुका मुद्दाम असतात’ हे सिद्ध झाल्यासारखे बोलू लागले. शिवाय हा हिशेब लांबलचक पत्रव्यवहार लागणाऱ्या फसवणुकीलाच लागू पडतो. जिथे लिंक दाबली, खोट्या पानावर पासवर्ड टाकला आणि काम दोन मिनिटांत संपले, तिथे भामट्याला संशयी माणसाला गाळून टाकण्यात काहीच फायदा नाही. त्याला जितके जास्त लोक दाबतील तितके हवेच असतात. अशा मजकुरातल्या चुका बहुतांशी साध्या चुकाच होत्या: लिहिणाऱ्याला ती भाषा नीट येत नव्हती. जाणूनबुजून केलेल्या चुकांचा एक प्रकार मात्र खरोखर होता. स्पॅम अडवणारी यंत्रणा ठरावीक शब्द शोधते, म्हणून एखाद्या अक्षराच्या जागी आकडा किंवा तसेच दिसणारे दुसऱ्या लिपीतले अक्षर घालायचे. ती युक्ती यंत्राला चकवण्यासाठी होती, माणसे निवडण्यासाठी नव्हती. हे दोन प्रकार एकत्र केले की असा समज होतो की अशुद्धपणा भामट्याला हवाच असतो, म्हणजे तो कायम राहणार. तसे नसल्यामुळेच, शुद्ध लिहिण्याची सोय मिळताच बहुतेकांनी ती उचलली.

मराठीपुरती ही सोय दोन टप्प्यांत आली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या फुकट भाषांतरसेवेत मराठीचा समावेश 2013 मध्ये झाला. तेव्हाची पद्धत आकडेवारीची होती: दोन भाषांतले जोडीचे मजकूर गोळा करायचे, कोणत्या तुकड्यासमोर कोणता तुकडा जास्त वेळा येतो ते मोजायचे आणि तुकडे जोडून वाक्य उभे करायचे. मराठीचे जोडीचे मजकूर थोडे, आणि आपली भाषा प्रत्ययांची. त्यामुळे सामान्यरूप हमखास चुकायचे: ‘खात्यात’ऐवजी ‘खाते मध्ये’, ‘ग्राहकाला’ऐवजी ‘ग्राहक ला’. बँकेच्या व्याजाचे ‘स्वारस्य’ व्हायचे, कारण इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. हिंदी मजकूरही मराठीत येताना बहुधा इंग्रजीवरून वळसा घालून येई, आणि त्या वळशात ‘आप’चा आदर गळून पडे, वाक्य ‘तुम्ही’ने सुरू होऊन ‘तू’वर संपे. मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या माणसालाही हे कानाला खडबडीत लागते. म्हणजे मराठी मजकुरापुरता अशुद्धपणाचा नियम खरोखर उपयोगी होता, पण त्या काळात मराठीतून फसवणारे मेसेज फारसे येतच नव्हते.

2017 मध्ये त्याच सेवेने मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी न्यूरल पद्धत लागू केली. ही पद्धत तुकडे जोडत नाही; पूर्ण वाक्य एकत्र घेते आणि मराठीत पुढचा शब्द कोणता शोभेल हे शिकलेल्या अंदाजाने ठरवते. 2022 च्या अखेरीपासून सर्वांना खुली झालेली मजकूर लिहिणारी साधने याच वाटेवर पुढे गेली. यातली एक गोष्ट फसवणुकीच्या संदर्भात महत्त्वाची आहे: मूळ मजकूर मोडका असला तरी बाहेर पडणारे वाक्य बहुतेक वेळा धड असते. अर्थ चुकू शकतो, ओघ सहसा चुकत नाही. लिहिणाऱ्याला मराठीचे एक अक्षर येत नसेल, त्याचे इंग्रजीही कच्चे असेल, तरी त्या चुका वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाहीत.

तोच लाईटबिलाचा मजकूर आज मराठीत आला तर साधारण असा दिसेल: ‘प्रिय ग्राहक, मागील महिन्याचे बिल अद्ययावत न झाल्यामुळे आपला वीजपुरवठा आज रात्री 9.30 वाजता खंडित करण्यात येईल. कृपया आमच्या अधिकाऱ्यांशी त्वरित संपर्क साधा.’ यात लाल शाईने खूण करावी असे काही नाही. उलट खऱ्या कंपन्यांचे आणि बँकांचे मराठी मेसेज अनेकदा याहून वाईट असतात, कारण तेही यंत्राने भाषांतरित केलेले आणि कोणी न तपासलेले असतात. आज भाषेवरून निवाडा करायचा म्हटला तर खरा मेसेज बाद होईल आणि खोटा पास होईल.

मग त्या मेसेजमध्ये खोटे काय, हे मजकुराच्या आत शोधावे लागते, आणि ते सापडतेही. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी जोडणी तोडण्याआधी किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. अशी नोटीस न देता ‘आज रात्री’ तोडणी होऊच शकत नाही. त्यात ग्राहक क्रमांक नाही, थकलेली रक्कम नाही. पाठवणाऱ्याकडे ती माहितीच नसते, तोच मजकूर तो हजारोंना पाठवतो. ‘अद्ययावत’ या शब्दालाही इथे काही अर्थ नाही: बिल भरलेले असते किंवा थकलेले असते. ज्याने बिल भरले आहे त्यालाही धास्ती वाटावी, म्हणून तो शब्द आहे. फोन केल्यावर पलीकडचा माणूस मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप घ्यायला सांगतो, मग नोंद ‘अपडेट’ करायला पाच-दहा रुपये भरायला लावतो. ते भरताना कार्डाचा नंबर, पिन, ओटीपी सगळे त्याला त्याच्या पडद्यावर दिसते. खाते रिकामे होते ते या पायरीवर.

इथे मुंबईची एक अडचण आहे. मेसेज अस्खलित मराठीत आणि फोनवरचा माणूस हिंदीत, ही विसंगती दुसरीकडे कदाचित खटकली असती. आपल्याकडे खऱ्या कॉल सेंटरवरही मराठीतून सुरुवात करून माणसे हिंदीवर येतात, वायरमनशी आपणच हिंदीत बोलतो. त्यामुळे बोलण्यातून लागणारा सुगावाही या शहरात बोथट आहे.

नियामकांनी गेल्या काही वर्षांत जे बदल केले त्यांचा रोख भाषेवरून पाठवणाऱ्याच्या ओळखीकडे वळलेला दिसतो. कंपन्यांच्या एसएमएसवर नोंदणी केलेले अक्षरी नाव यावे लागते, आणि 2025 पासून त्या नावाच्या शेवटी जाहिरातीला -P, सेवेला -S, व्यवहाराला -T आणि सरकारी संदेशाला -G अशी खूण जोडली जाते. बँकांना आपली संकेतस्थळे `.bank.in` ने संपणाऱ्या पत्त्यांवर नेण्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली होती. लाईटबिलाचा तो मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून यायचा. एवढ्यावरच तो बाद करता येत होता, इंग्रजी येवो न येवो. व्हॉट्सॲपवर मात्र ही नोंदणीची खूण लागू नाही. तिथे कंपनीचे चिन्ह प्रोफाइलला कोणीही लावू शकतो, आणि बनावट पीडीएफ बिलही सुबक मराठीत येते. अशा वेळी घरात पडलेले मागचे छापील बिल काढावे, त्यावरचा ग्राहक सेवा क्रमांक स्वतः लावावा आणि आपला ग्राहक क्रमांक सांगून थकबाकी विचारावी. पैसे गेलेच असतील तर पहिला फोन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर करावा लागतो, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आली तरच परत मिळण्याची शक्यता राहते.