हृद्‌रोग आणि दूरचा प्रवास

हृद्‌रोग असलेल्या माणसाच्या विमानप्रवासाचा, उंच प्रदेशातील वास्तव्याचा आणि दीर्घकाळ बसून केलेल्या प्रवासाचा विचार वैद्यकात एकत्र होतो. वाटेत या माणसाला दोन निरनिराळ्या अडचणी येतात. एक म्हणजे हवेतील ऑक्सिजनचा दाब कमी होणे आणि दुसरी म्हणजे पाय तासन्‌तास न हलणे. घरच्यांना भीती वाटते ती पहिलीची. दुसरीचे विमानाशी खास नाते नाही. पुणे–नागपूर रात्रीच्या बसमध्येही ती तेवढीच असते. तिच्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

विमानातील हवा. विमान 35 ते 40 हजार फुटांवरून उडत असले, तरी आतील हवेचा दाब यंत्राने वाढवलेला असतो. नियमानुसार तो समुद्रसपाटीपासून 8,000 फूट, म्हणजे सुमारे 2,440 मीटर उंचीवरच्या दाबापेक्षा कमी होऊ द्यायचा नसतो. काही नव्या विमानांत तो 6,000 फुटांच्या आसपास ठेवतात. कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे, तेव्हा जुन्या बनावटीच्या विमानात खिडकीशी बसलेला प्रवासी महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्याही 800 मीटर वर असतो. या दाबाची हवा श्वासात घेणे म्हणजे जमिनीवर 21 ऐवजी 15 टक्के ऑक्सिजन असलेली हवा घेण्यासारखे आहे. बोटाला लावायच्या यंत्रावर निरोगी माणसाचा आकडा 97–98 वरून 90 ते 94 पर्यंत येतो. शरीर ही तूट नाडी थोडी वाढवून भरून काढते. ज्याचे हृदय स्थिर आहे, त्याला एवढे सहज झेपते.

झेपेल की नाही, हे पाहायची जुनी साधी कसोटी आजही वापरतात. सपाटीवर 50 मीटर चालून, मग एक मजला जिना चढून छातीत दुखले नाही आणि बोलता येणार नाही इतकी धाप लागली नाही, तर बहुधा अडचण येत नाही. बसल्या जागीच ऑक्सिजनचा आकडा 92 च्या खाली असेल, तर विमानात ऑक्सिजन लागेल असे धरून चालावे. तो ऐनवेळी मिळत नाही. घरचा सिलिंडर बहुतेक विमान कंपन्या आत नेऊ देत नाहीत. डॉक्टरांकडून कंपनीचा वैद्यकीय फॉर्म भरून घेऊन काही दिवस आधी परवानगी काढावी लागते. बॅटरीवरचे ऑक्सिजन यंत्र नेणार असल्यास उड्डाणाच्या वेळेच्या दीडपट चालतील इतक्या बॅटऱ्या जवळ असाव्या लागतात.

किती दिवस थांबायचे. ब्रिटनच्या हृद्‌रोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2010 मध्ये दिलेले आकडे बऱ्याच ठिकाणी आधार म्हणून घेतले जातात. ठरवून केलेली अँजिओप्लास्टी विनातक्रार झाली असेल, तर दोन दिवसांनी उडता येते. हार्ट अटॅक सौम्य असेल, बंद रक्तवाहिनी उघडली असेल आणि हृदयाचे पंपिंग चांगले असेल, तर तीन दिवस पुरतात. मध्यम धोका असल्यास दहा दिवस थांबतात. पंपिंग 40 टक्क्यांच्या खाली असून धाप लागत असेल, तर ती आटोक्यात येईपर्यंत जाऊ नये. बायपासनंतर किमान दहा दिवस थांबण्याचे कारण वेगळे आहे. शस्त्रक्रियेत छातीच्या पोकळीत थोडी हवा राहिलेली असू शकते. दाब कमी झाला की ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते आणि फुप्फुसावर दाब आणते. हे सगळे किमान आकडे आहेत आणि विमान कंपनीचा नियम त्याहून कडक असू शकतो.

प्रत्यक्षात मोठा ताण पडतो तो विमानतळावर. रांगा, बॅगा, एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर अर्धा तास चालणे, वर विमान चुकण्याची धास्ती. व्हीलचेअर मागायला अनेकांना कमीपणा वाटतो. पण ज्याला दोन जिने चढताना थांबावे लागते, त्याला हृदयाच्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी सोय तीच आहे.

गुठळीचा धोका. पोटरीच्या स्नायूंमध्ये खोलवर नीला असतात. चालताना स्नायू आवळले की त्या पिळल्या जातात आणि रक्त वर चढते. गुडघे मोडून बसून राहिले की हा पंप बंद पडतो. साचलेले रक्त गोठून गुठळी बनते आणि ती सुटून फुप्फुसात अडकली तर जीव जाऊ शकतो. 1940 मध्ये लंडनवर बाँबवर्षाव चालू असताना लोक आश्रयस्थानांत रात्रभर घडीच्या खुर्च्यांवर बसून राहत. खुर्चीची पुढची दांडी मांड्यांखाली दाबत असे. फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू तेव्हा अचानक वाढल्याचे न्यायवैद्यकतज्ज्ञ कीथ सिम्पसन यांनी नोंदवले. तिथे विमानाचा संबंध होता तो फक्त बाँब टाकण्यापुरता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांहून लांब प्रवासाने हा धोका साधारण दुप्पट होतो, मग वाहन विमान असो, रेल्वे, बस किंवा कार. तरी निरोगी माणसात तो साधारण 6,000 मध्ये एक इतकाच राहतो. हृदयाचे पंपिंग कमी असणे, पायावर सूज, लठ्ठपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कर्करोग किंवा आधी कधी झालेली गुठळी यांपैकी काही असेल, तर तो बराच वाढतो.

इथे एक गैरसमज हमखास आढळतो. ‘मला रक्त पातळ करायची गोळी चालूच आहे, मला कशाची गुठळी होते?’ आपल्याकडे हा एकच शब्द दोन वेगळ्या औषधांना वापरतात. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर ही औषधे रक्तातील चकत्यांना (प्लेटलेटना) एकमेकींना चिकटू देत नाहीत. स्टेंट उघडा राहण्यासाठी ती असतात. पोटरीतील साचलेल्या रक्ताच्या गुठळीविरुद्ध त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. वॉरफरिन, ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन ही दुसरी जात. अनियमित ठोक्यांसाठी किंवा कृत्रिम झडपेसाठी ती चालू असतील, तर पायाचेही रक्षण होते, मात्र वॉरफरिनवाल्यांनी निघण्यापूर्वी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासून घ्यायला हवा. केवळ प्रवासासाठी म्हणून ॲस्पिरिन सुरू करू नये.

एक उदाहरण. पुण्यातले 67 वर्षांचे एक निवृत्त शिक्षक सहा महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी करून जूनमध्ये मुलीकडे न्यू जर्सीला निघाले आहेत, असे समजू. पंपिंग 45 टक्के आहे. ॲस्पिरिन, सकाळी 8 आणि रात्री 8 ला टिकाग्रेलॉर, शिवाय सकाळी लघवीची गोळी. मुंबईहून थेट विमान सुमारे 16 तासांचे.

पहिला प्रश्न गोळ्यांच्या वेळेचा. स्टेंट बसवल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत टिकाग्रेलॉर चुकणे हे विमानातील हवेपेक्षा जास्त धोक्याचे आहे. सुदैवाने हिशेब सोपा आहे. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, म्हणजे इथले सकाळचे 8 म्हणजे तिथले रात्रीचे साडेदहा आणि इथले रात्रीचे 8 म्हणजे तिथले सकाळचे साडेदहा. दर बारा तासांनी घ्यायची गोळी तिथे सकाळ-रात्र साडेदहाला घेतली की झाले. हातातले एक घड्याळ प्रवासभर भारतीय वेळेवर ठेवले, तर विमानातही गोंधळ होत नाही. गोळ्या हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटांत आणि चिठ्ठीसह असाव्यात. जिभेखालची गोळी खिशात.

दुसरा मोह लघवीची गोळी टाळण्याचा. शौचालयापाशी रांगेत उभे राहणे नको म्हणून पुष्कळ जण ती प्रवासाच्या दिवशी घेत नाहीत आणि उतरल्यावर दुसऱ्या दिवशी पाय सुजून धाप लागते. मार्गिकेकडची खुर्ची मागून गोळी नेहमीप्रमाणे घेणे हा त्यावर उपाय. उठावे लागते हा फायदाच आहे, कारण पोटरी चालते. ‘विमानात भरपूर पाणी प्या’ हा सल्ला मात्र ज्यांना दिवसाला दीड लिटरची मर्यादा घातली आहे त्यांच्यासाठी नाही.

तिसरे, पायमोजे. घोट्याशी पाऱ्याच्या 15 ते 30 मिलिमीटर इतका दाब देणारे गुडघ्याखालचे दाबमोजे पोटरीतील लक्षणे न देणाऱ्या गुठळ्या कमी करतात, हे चाचण्यांत दिसले आहे. पण ज्याच्या हृदयाच्या धमन्या अरुंद आहेत, त्याच्या पायाच्याही असू शकतात. आपल्या शिक्षकांना चालताना पोटरीत पेटके येऊन थांबल्यावर कमी होत असतील किंवा पायाच्या वरच्या बाजूची नाडी लागत नसेल, तर घट्ट मोज्याने पायाचा रक्तपुरवठा आणखी कमी होईल. म्हणून मोजे औषधाच्या दुकानातून परस्पर न घेता आधी पाय तपासून घ्यावेत. ते गुडघ्याखाली गुंडाळले गेले, तर तिथे दोरी बांधल्यासारखे होते आणि रक्त उलट अडते.

उतरल्यावरही लक्ष ठेवायचे असते, कारण गुठळी प्रवासानंतर काही आठवड्यांतही दिसू शकते. दोन्ही पावले सारखी सुजणे बहुधा निरुपद्रवी असते. एकच पोटरी दुखते, गरम लागते आणि गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली टेपने मोजल्यास दुसरीपेक्षा 3 सेंटिमीटरहून जास्त भरते, असे असेल तर त्याच दिवशी सोनोग्राफी करावी. अचानक धाप, श्वास घेताना छातीत टोचणे किंवा थुंकीतून रक्त आल्यास थेट तातडीच्या विभागात जावे. स्टेंटचे दुखणे समजून जिभेखालच्या गोळीवर वेळ काढू नये.

उंच प्रदेश. केदारनाथ 3,583 मीटरवर आहे आणि लेह सुमारे 3,500 मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या जवळपास असतो. विमानात माणूस बसून असतो आणि काही तासांनी उतरतो. इथे तो चढतो, थंडीत झोपतो, दिवसचे दिवस राहतो. पहिल्या काही दिवसांत नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढलेले असतात. केदारनाथला हेलिकॉप्टरने गेल्यास चढणीचा ताण वाचतो, पण वरची हवा तितकीच विरळ आणि शरीराला सवय होण्याला वेळच मिळालेला नसतो. स्थिर हृद्‌रोग्याने जायचे ठरवल्यास पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. 3,000 मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या दिवशीपेक्षा 500 मीटरहून जास्त उंच नको. उंचीच्या त्रासासाठी सोबतचे लोक वाटतात त्या गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत: ॲसिटाझोलामाइड लघवीच्या गोळीसोबत पोटॅशियम आणखी खाली आणू शकते आणि सिल्डेनाफिल जिभेखालच्या गोळीसोबत घेतल्यास रक्तदाब जीवघेणा कोसळतो.

झोपल्यावर वाढणारी धाप आणि कोरडा खोकला उंचीमुळे फुप्फुसात पाणी झाल्याने येतो आणि हृदय थकल्यानेही. तिथे बसून त्यातले कोणते ते ठरवत राहू नये. दोन्हींत आधी ऑक्सिजन लावून खाली न्यायचे असते. केदारनाथहून वाट तरी उताराची आहे. लेहहून श्रीनगरकडे निघाले, तर रस्ता आधी 4,108 मीटरच्या फोटू ला खिंडीवर चढतो, म्हणून तिथून आजारी माणसाला बहुधा विमानानेच हलवतात. अशा वेळी विमानाच्या आतली 2,400 मीटरची हवा हाच हजार मीटरचा उतार ठरतो.