सव्वाशे टक्के पाहिलेला व्हिडिओ

उकडीच्या मोदकाला कळ्या पाडतानाचा आठ सेकंदांचा एक यूट्यूब शॉर्ट आहे असं समजू. आकडेवारी उघडल्यावर ‘पाहण्याची सरासरी टक्केवारी’ 125 दिसते. शंभराच्या वर आकडा गेलाच कसा? शॉर्ट संपला की आपोआप पुन्हा सुरू होतो, आणि त्या दुसऱ्या फेरीचे सेकंदही त्याच प्रेक्षकाच्या खात्यात जमा होतात. सरासरी दहा सेकंद, भागिले आठ. झाले सव्वाशे टक्के.

आता शंभर प्रेक्षक घ्या. पंचवीस जण चार सेकंदांत सटकले, पंचवीस जणांनी एकदा पूर्ण पाहिला, आणि पन्नास जण दुसऱ्या फेरीत शिरून चौदाव्या सेकंदाला गेले. एकूण 1000 सेकंद.

दुसऱ्या एका शॉर्टची लांबीही आठच सेकंद. त्याचे साठ प्रेक्षक दोन सेकंदांत पसार झाले, तिसांनी एकदा पाहिला, आणि उरलेल्या दहांनी तब्बल आठ-आठ फेऱ्या केल्या. बेरीज पुन्हा 1000 आणि सरासरी पुन्हा 125 टक्के! पहिल्याला निम्म्या लोकांनी पुन्हा पाहिलं. दुसऱ्याला बहुतेकांनी झिडकारलं. त्या दहांपैकी कुणी फोन ओट्यावर चालू ठेवून कणीक मळत असेल, तर तेही या आकड्यातून कळत नाही.

मग लूप रेट, म्हणजे पुन्हा पुन्हा पाहण्याचं प्रमाण, बघावा का? बघावा, पण कोणता ते आधी ठरवून. दर प्रेक्षकामागे फेऱ्या मोजल्या, तर पहिल्याच्या 150 फेऱ्या होतात, म्हणजे दीड. दुसऱ्याच्या 170, म्हणजे 1.7. नाकारलेला शॉर्टच वरचढ ठरला! सरासरीचा जुना दोष इथेही आहे: मोजके हौशी लोक ती ओढून नेतात. त्यापेक्षा दुसरी फेरी सुरू करणारे शेकडा किती, हे विचारावं. पहिल्यात 50, दुसऱ्यात 10. मला हाच आकडा जास्त भरवशाचा वाटतो. तो थेट मिळत नसेल, तर निदान किती जण थांबले आणि किती जणांनी स्वाइप केलं, हे सरासरीच्या शेजारी ठेवून पाहावं. दुसऱ्या शॉर्टचं पितळ तिथेच उघडं पडतं.

भाजकाकडेही लक्ष हवं. 31 मार्च 2025 पासून यूट्यूब शॉर्ट्सवर प्रत्येक पुनरावृत्ती वेगळा व्ह्यू म्हणून मोजली जाते. म्हणून पहिल्या शॉर्टचे तेच 1000 सेकंद कुणी स्वतः वहीत 100 प्रेक्षकांऐवजी 150 फेऱ्यांनी भागले, तर सरासरी पावणेसात सेकंदांच्याही खाली येते आणि टक्केवारी 83 वर. व्हिडिओ तोच, लोकही तेच.

आणि पुन्हा पाहणं म्हणजे आवडणंच असं नाही. आठ सेकंदांत पिठाचं, पाण्याचं, तुपाचं प्रमाण बारीक अक्षरांत झरझर सरकवलं, तर वाचता न आल्यामुळेही लोक दुसरी फेरी बघतात. तपासायचं असेल तर तेच प्रमाण मोठ्या अक्षरांत, जरा जास्त वेळ दाखवून दुसरा शॉर्ट टाकावा. लूप निम्म्यावर आले आणि सेव्ह करणारे तेवढेच राहिले, तर आधीच्या फेऱ्या बहुधा कळ्यांसाठी नव्हत्या, चष्मा शोधण्यासाठी होत्या.