डायोडचा आलेख काढण्याआधी: सरावसंचासोबतचे माहितीपत्रक

या संचात दोन डायोड, एक किलोओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर आणि जोडवायर आहेत. काळ्या प्लॅस्टिकचा आणि रुपेरी पट्ट्याचा डायोड म्हणजे 1N4007. काचेचा आणि काळ्या पट्ट्याचा आहे तो 1N4733A, म्हणजे ५.१ व्होल्टचा झेनर. दोन्हींवर पट्ट्याची बाजू कॅथोडची. तुमच्याकडे ० ते १२ व्होल्टचा डीसी सप्लाय आणि दोन डिजिटल मल्टिमीटर असले की झाले.

हे पत्रक लिहायचे कारण म्हणजे दुकानात परत येणारे डायोड. त्यातले बरेचसे चांगले असतात, रीडिंग चुकलेले असते. "रिव्हर्समध्ये गळतो" आणि "झेनर ५.१ चा दिलात, पण भरतो कमी" या दोन तक्रारी सर्वांत जास्त येतात. दोन्हींचे उत्तर आलेखातच आहे.

आधी फॉरवर्ड बायस. सप्लायचा प्लस रेझिस्टरमधून आणि अँपिअरमीटरमधून 1N4007 च्या ॲनोडला, कॅथोड मायनसला. व्होल्टमीटर थेट डायोडच्या दोन पायांवर धरा. मध्ये अँपिअरमीटर येऊ देऊ नका, कारण त्याच्या आतही रोध असतो. २० मिलिअँपच्या रेंजवर तो बहुधा दहा ओहम असतो, म्हणजे ११ मिलिअँप वाहताना तिथेच ०.११ व्होल्ट पडतो आणि तुमचा आलेख उगाच उजवीकडे झुकतो.

आता सप्लाय हळूहळू वाढवा. डायोडवर ०.३ व्होल्ट येईपर्यंत मिलिअँपचा आकडा जवळजवळ हलत नाही. ०.५ च्या आसपास एक दशांश-दोन दशांश मिलिअँप दिसू लागतो, ०.६ ला एक-दीड, आणि सप्लाय पूर्ण १२ वर नेला तरी डायोडवर ०.७ च्या आसपासच राहतो, प्रवाह मात्र ११ मिलिअँपच्या पुढे गेलेला असतो. उरलेले ११.३ व्होल्ट रेझिस्टरने घेतलेले असतात. आलेख जिथे आडवा चालता चालता एकदम उभा होतो, त्या वळणाला गुडघा म्हणतात, आणि तिथल्या व्होल्टेजला नी व्होल्टेज.

पण ०.७ वर एखादे दार उघडते असे समजू नका. प्रवाह पहिल्यापासूनच वाहत असतो आणि व्होल्टेजच्या ठरावीक वाढीला तो ठरावीक पटीने वाढतो. पीएन जंक्शनवर पसरलेल्या विद्युतक्षेत्राचा चढ फॉरवर्ड व्होल्टेज कमी करतो, आणि चढ जितका उतरतो त्याच्या कितीतरी पटीने जास्त वाहक पलीकडे जातात. म्हणूनच तोच आलेख मायक्रोअँपच्या मापावर काढलात तर गुडघा ०.४ च्या जवळ दिसेल, मिलिअँपवर काढलात तर ०.६ च्या पुढे. तुमचा आणि शेजारच्या टेबलावरचा गुडघा जुळला नाही, तर आधी दोघांची उभ्या अक्षाची मापे पाहा.

एक गोष्ट मुद्दाम करून बघा. प्रवाह ११ मिलिअँपवर ठेवून डायोडचे प्लॅस्टिक बोटांच्या चिमटीत धरा. व्होल्टमीटरचा शेवटचा आकडा खाली उतरू लागतो. सिलिकॉन डायोडचा फॉरवर्ड व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्ट घटतो. त्यामुळे रीडिंग घेताना डायोड हातात धरू नये.

आता रिव्हर्स. डायोड उलटा लावा, अँपिअरमीटर २०० मायक्रोअँपवर आणा. व्होल्टमीटर आधीच्याच जागी, डायोडच्या पायांवर राहिला, तर १२ व्होल्टला अँपिअरमीटर १.२ मायक्रोअँप दाखवेल, आणि व्होल्टेज अर्धे केले की तोही अर्धा होईल. हीच ती "गळती". हा प्रवाह डायोडचा नाही, व्होल्टमीटरचा आहे. डिजिटल मीटरचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, आणि १२ भागिले १० मेगाओहम म्हणजे बरोबर १.२ मायक्रोअँप. व्होल्टमीटर उचलून सप्लायच्या टोकांवर लावा. अँपिअरमीटर ०.० वर येईल. खोलीच्या तापमानाला चांगल्या 1N4007 चा रिव्हर्स प्रवाह इतका कमी असतो की या रेंजवर तो दिसतच नाही. दुसरी खूण: खरी गळती व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत नाही, तापमानाबरोबर मात्र झपाट्याने वाढते.

1N4007 चा ब्रेकडाऊन या संचात दिसणार नाही, तो १००० व्होल्टच्या पलीकडे आहे. त्यासाठीच झेनर दिला आहे. तो त्याच रेझिस्टरसह उलटा लावा. इथे प्रवाह मिलिअँपमध्ये जातो, म्हणून अँपिअरमीटर परत २० मिलिअँपवर न्या आणि व्होल्टमीटर पुन्हा थेट डायोडवर आणा. सप्लाय चार व्होल्ट ओलांडला की प्रवाह जागा होतो, आणि १२ व्होल्टला हिशेब असा: १२ वजा साधारण ५, उरले ७ व्होल्ट, भागिले १ किलोओहम, म्हणजे ७ मिलिअँप. झेनरमध्ये उष्णता जेमतेम ३५ मिलिवॅट, आणि त्याची क्षमता एक वॅट. ब्रेकडाऊनने डायोड मरत नाही, प्रवाहाला आवर नसेल तर उष्णतेने मरतो. रेझिस्टर काढून १२ व्होल्ट थेट लावलेत तर तो झेनर गेलाच म्हणून समजा.

आणि "कमी भरतो" ही तक्रार? ५.१ हा आकडा ४९ मिलिअँप प्रवाहाला दिलेला आहे, त्यातही पाच टक्के फरक धरलेला. तुमच्या ७ मिलिअँपला तो ५.१ च्या खाली दिसणारच. कमी व्होल्टच्या झेनरचा उलटा गुडघा गोलसर असतो, कारण तिथे इलेक्ट्रॉन मुख्यतः अडथळ्यातून आरपार जातात. त्याहून वरच्या व्होल्टेजच्या डायोडात वाहक स्फटिकातल्या अणूंना धडकून नवे वाहक सोडवतात, तो हिमस्खलनासारखा प्रकार, आणि तिथला गुडघा बराच टोकदार असतो.

दुरुस्ती करणाऱ्या ग्राहकांसाठी याच उलट्या बाजूची एक गोष्ट. २३० व्होल्टच्या हाफवेव्ह सप्लायमध्ये ४०० व्होल्टचा 1N4004 "चारशे म्हणजे पुष्कळ" म्हणून बसवला जातो, आणि काही काळाने दोन्ही बाजूंनी शॉर्ट होऊन येतो. २३० चे शिखर ३२५ व्होल्ट असते. फिल्टर कॅपॅसिटर त्या ३२५ वर भरून बसतो, आणि पुढच्या अर्ध्या चक्रात मेन्स उणे ३२५ ला जातो. डायोडवर उलटे ६५० व्होल्ट येतात. अशा जागी 1N4007 च लावा. आम्ही दोन्ही ठेवतो, पण मेन्ससाठी मागितला तर 4004 देत नाही.

डायोड गेला असे वाटले तर आधी मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर बघा. चांगला 1N4007 एका बाजूने ०.५ ते ०.६ च्या आसपास आणि उलट्या बाजूने OL दाखवतो. दोन्ही बाजूंनी शून्य असेल तर तो शॉर्ट, दोन्हीकडे OL असेल तर ओपन. मात्र सर्किटमधून एक पाय सोडवल्याशिवाय या रीडिंगवर विश्वास ठेवू नका. शंका राहिली तर डायोड आणि तुमच्या रीडिंगचा कागद दोन्ही घेऊन या, काउंटरवर तुमच्यासमोर मोजून देतो.