चाळणीपेक्षा बारीक काजळी

आमच्या सोसायटीतले एक काका रोज डिझेल गाडीने तीन किलोमीटरवरच्या दुकानात जातात. मागच्या महिन्यात डॅशबोर्डवर धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा पिवळा दिवा लागला. कोणीतरी सल्ला दिला, "जाळी चोंदलीय, काढूनच टाका, पिकअपही वाढेल." मला हे ऐकून वाईट वाटलं, कारण ती जाळी नाहीच.

आधी काजळी येते कुठून ते पाहू. पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवा आधी नीट मिसळतात, मग ठिणगी पडते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन नुसती हवा इतकी दाबतो की ती तापून लाल होईल असं वाटावं, आणि त्या हवेत अगदी शेवटच्या क्षणी डिझेलचा फवारा उडतो. मिसळायला वेळच मिळत नाही. फवाऱ्याच्या गाभ्यात डिझेल भरपूर पण ऑक्सिजन नाही, म्हणून तिथे इंधनाचे रेणू अर्धवट जळून काजळी होते. कंदिलाची वात जास्त वर काढली की काच काळी होते, तसंच. फवाऱ्याच्या कडेला मात्र हवा आणि इंधन योग्य प्रमाणात भेटतात. तिथली ज्योत दोन हजार अंशांच्या वर जाते आणि एरवी कशातच न मिसळणारा हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो. एकाच ज्योतीत आत काजळी, कडेला नायट्रोजन ऑक्साइड. ज्योत थंड केली की काजळी वाढते, तापवली की ऑक्साइड वाढतात.

नायट्रोजन ऑक्साइड पेट्रोल इंजिनातही भरपूर बनतात, हे फारसं सांगितलं जात नाही. पण तिथल्या धुरात ऑक्सिजन जवळजवळ उरत नाही, म्हणून सायलेन्सरच्या आधीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये कार्बन मोनॉक्साइड आपल्याला हवा असलेला ऑक्सिजन नायट्रोजन ऑक्साइडकडूनच काढून घेतो. डिझेलच्या धुरात मोकळा ऑक्सिजन शिल्लक असतो. तो सहज मिळत असताना कार्बन मोनॉक्साइड नायट्रोजन ऑक्साइडच्या वाटेला जातच नाही. म्हणून डिझेलला वेगळे उपाय लागतात, मोठ्या गाड्यांत युरियाचं द्रावण फवारतात ते त्यासाठीच. (पीयूसीत डिझेलच्या धुराची फक्त दाटी मोजतात, त्यामुळे प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड कमी आहेत असं समजू नये.)

आता फिल्टर. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नियम लागू झाले, आणि नव्या डिझेल मोटारींत तो आला. हा मधमाशीच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा असतो. त्यातल्या नळ्या आळीपाळीने एका टोकाला बुजवलेल्या असतात. एका नळीत शिरलेल्या धुराला पुढे वाट मिळत नाही, तो भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जातो. भिंतीतली छिद्रं साधारण दहा ते वीस मायक्रॉनची, आणि काजळीचा कण जेमतेम ०.१ मायक्रॉनचा. म्हणजे छिद्र कणापेक्षा शंभर-दोनशे पट मोठं. चाळणीच्या हिशेबाने एकही कण अडकायला नको.

तरी बहुतेक सगळे अडकतात. कण इतका हलका असतो की वायूचे रेणू त्याला चहूबाजूंनी ढकलत राहतात. जत्रेच्या गर्दीत लहान मूल धक्के खात खात कडेच्या भिंतीला लागावं, तसा तो वाकडातिकडा भटकत छिद्राच्या भिंतीला जाऊन टेकतो आणि तिथेच चिकटतो. कण जितका बारीक, तितकी ही भटकंती जास्त. शिवाय चिकटलेली काजळी साचून भिंतीवर थर होतो आणि पुढच्या कणांना तोच थर अडवतो. कोरा फिल्टर थोडा गळका असतो, काळा झालेला जास्त चांगला गाळतो!

थर फार वाढला की मात्र धुराला वाट उरत नाही, म्हणून तो जाळावा लागतो. काजळी जळायला सुमारे सहाशे अंश लागतात, आणि शहरातल्या हळू चालीत धूर दोन-अडीचशेच्या आसपासच असतो. मग इंजिनाचा संगणक उशिराने, म्हणजे ज्योत विझत आल्यावर, थोडं जास्त डिझेल सोडतो. ते फिल्टरच्या आधीच्या उत्प्रेरकावर जळतं आणि फिल्टर तापतो. याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. काकांची गाडी त्याआधीच दुकानापाशी बंद होत होती. काम दरवेळी अर्धवट राहायचं, आणि जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑईलमध्ये उतरायचं. मी डिपस्टिक काढून पुसली आणि पुन्हा बुडवली. ऑईल वरच्या खुणेच्याही वर होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता.

आधी ऑईल बदलून घेतलं, मग रविवारी सकाळी हायवेवर अर्धा तास एकसारख्या वेगाने गाडी चालवली. दिवा गेला. आता काका आठवड्यातून एकदा तेवढी फेरी मारतात. परवा सायलेन्सर गार असताना त्याच्या तोंडाच्या आतून मी रुमाल फिरवला, तो पांढराच राहिला. फिल्टर काढलेल्या गाडीत तो काळा होतो.