नॉट आऊटची चांदणी आणि ॲव्हरेजचं गणित

टेनिस बॉलची टुर्नामेंट संपली की ग्रुपवर स्कोअरबुकच्या पानांचे फोटो पडतात आणि मग ज्याला त्याला आपलं ॲव्हरेज हवं असतं. समजा अशा पाच फोटोंमधून एका बॅटरचे आकडे निघाले: ३४ (२८ बॉल), १२* (४), ० (३), ४७* (४०) आणि २१ (२०). टोटल ११४ रन, ९५ बॉल. आता ११४ भागिले ५ केलं तर २२.८ येतं, पण क्रिकेटमधलं ॲव्हरेज हे नाहीच. रनांना इनिंग्जने नाही तर किती वेळा आऊट झाला त्याने भागायचं. चांदणीवाल्या दोन इनिंग्ज नॉट आऊट, म्हणजे ११४ भागिले ३, ॲव्हरेज ३८.

लगेच कोणीतरी म्हणतोच, नॉट आऊटवाल्याला फुकटचा फायदा. तसं नाहीये. १२* म्हणजे त्याची इनिंग १२ वर संपली असं नाही, ओव्हर्स संपल्या किंवा मॅच जिंकली म्हणून ती अर्धवट राहिली, आणि अर्धवट मोजमापाला पूर्ण धरलं तर उत्तर कमीच येणार. म्हणून काय करायचं, तर अर्धवट इनिंग पुढच्या इनिंगला जोडून बघायची. ३४ वर आऊट, ही एक पूर्ण. मग १२* आणि पुढचा ० जोडला, १२ वर आऊट. मग ४७* आणि २१ जोडले, ६८ वर आऊट. झाल्या की तीन पूर्ण इनिंग्ज, ३४, १२ आणि ६८, त्यांची साधी सरासरी काढा, बरोबर ३८! औषधाच्या चाचणीत अभ्यास संपला तरी काही पेशंट बरे व्हायचे असतात, तिथेही संख्याशास्त्रवाले अशीच अर्धवट माहिती हाताळतात.

पण या जोडणीत एक गोष्ट गृहीत धरलीये, की ० वर असताना आऊट व्हायचा धोका आणि ४७ वर असताना आऊट व्हायचा धोका सारखाच. खरं तर नजर बसेपर्यंत धोका जास्त असतो, त्यामुळे ४७* वाल्याला तिथूनच पुढे खेळू दिलं असतं तर त्याने बहुतेक जास्तच केले असते, आणि उलट शेवटच्या ओव्हरला येऊन २*, ५* करणाऱ्याला आऊट व्हायला वेळच मिळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या मायकल बेव्हनचं वनडेतलं ॲव्हरेज ५३.५८ आहे, ६९१२ रन, १९६ इनिंग्ज, त्यात ६७ नॉट आऊट. दर इनिंगला बघितलं तर ३५ च्या आसपास. दोन्ही आकडे खरेच आहेत, एक सांगतो एका विकेटमागे किती रन, दुसरा सांगतो एकदा बॅटिंगला आला की किती रन.

स्ट्राइक रेटला मात्र चांदणीशी काही देणंघेणं नाही. ११४ भागिले ९५ गुणिले १००, म्हणजे १२०. इथे लोक वेगळी चूक करतात, प्रत्येक इनिंगचा स्ट्राइक रेट काढून त्यांची सरासरी घेतात, तशी घेतली तर १२८.७९ येते, कारण १२* चा ३०० चा स्ट्राइक रेट चारच बॉलचा असून ४० बॉलच्या इनिंगइतकं वजन खाऊन जातो.

आता फोटोकडे. चांदणी नेमकी पानाच्या घडीत जाते किंवा पेनाचा डाग वाटते, म्हणून तिच्या भरवशावर न राहता बाजूचा आऊटचा रकाना वाचायचा. रिटायर्ड हर्ट नॉट आऊट धरतात, रिटायर्ड आऊट मात्र आऊट. बॅटिंगच आली नाही तर इनिंग धरायची नाही, पण नॉन-स्ट्राइकला एकही बॉल न खेळता रन आऊट झाला तरी इनिंग आणि आऊट दोन्ही धरायचे (वाईट वाटतं, पण नियम आहे).

आकडा नीट वाचला की नाही हे पानच सांगतं. बॅटर्सचे रन अधिक एक्स्ट्रा म्हणजे टीमची टोटल, बेरीज ६ ने जास्त आली तर कुठेतरी 1 चा 7 वाचलाय का बघा, २१ चे २७ असेच होतात. बॉलचं पण तसंच. वाइड बॅटरच्या खात्यात धरत नाहीत, नो बॉल धरतात, म्हणून पूर्ण २० ओव्हर्स आणि २ नो बॉल असतील तर सगळ्यांचे बॉल मिळून १२२ व्हायला हवेत.

शेवटचा घोळ एक्सेलमध्ये होतो, आणि तो दिसतही नाही. रनांच्या रकान्यात `47*` टाईप केलं की एक्सेल त्याला आकडा नाही, मजकूर समजतं आणि `=SUM(B2:B6)` त्याला गपचूप वगळतं. आपल्या बॅटरची टोटल ११४ ऐवजी ५५ येईल, ॲव्हरेज १८.३३, म्हणजे नाबाद राहिलेल्या नेमक्या दोन इनिंग्ज गायब. रन चांदणीशिवाय B रकान्यात आणि आऊट असेल तर 1, नसेल तर 0 हे C रकान्यात लिहा, मग:

```
=SUM(B2:B6)/SUM(C2:C6)
```

आणि बॅटर एकदाही आऊट झाला नसेल तर हेच सूत्र `#DIV/0!` दाखवेल. तिथे जबरदस्तीने आकडा बसवू नका, त्याचं ॲव्हरेज अजून निघतच नाही, स्कोअरकार्डवाले पण तिथे नुसती आडवी रेघ मारतात.