पॅराफायमोसिस

शिश्नाच्या टोकावरची कातडी मागे सरकवल्यावर ती शिश्नमुंडाच्या मागच्या खाचेत अडकून बसली आणि पुढे येईना, तर त्या अवस्थेला पॅराफायमोसिस म्हणतात. कातडी मुळात मागेच न सरकणे म्हणजे फायमोसिस. त्याच्या उपचाराला आठवडे लागले तरी चालते. पॅराफायमोसिस मात्र त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत सोडवावा लागतो.

अडकलेल्या कातडीची कड सुजलेल्या बोटातल्या अंगठीसारखी रुतते. शिरांवर दाब आधी पडतो, धमन्यांवर नंतर. त्यामुळे रक्त आत येत राहते आणि बाहेर जाणे अडते. टोक सुजते, सुजेने कड आणखी घट्ट होते. शेवटी धमन्याही दाबल्या जातात आणि टोकाचा भाग मरू लागतो.

याचे एक नेहमीचे कारण दवाखान्यातच घडते. सिन्नर तालुक्यातल्या सत्तरीच्या आजोबांचे उदाहरण घेऊ. लघवी तुंबली म्हणून नाशिकमध्ये त्यांना नळी घातली. नळी घालताना कातडी मागे घ्यावी लागते. ती नंतर पुढे आणायची राहून गेली. रात्री टोकामागे पाणी भरल्यासारखा फुगीर कडा दिसला. नळीमुळे सूज असेल, सकाळी बघू, असे घरच्यांना वाटले. नळीतून लघवी नीट येत होती, त्यामुळे शंका आली नाही. फसगत होते ती इथेच. सकाळी टोक जांभळे पडले होते आणि हात लावू देईनात.

अशा वेळी डॉक्टर आधी लिग्नोकेन जेली लावून किंवा मुळाशी इंजेक्शन देऊन भाग बधिर करतात. मग सुजलेला भाग मुठीत धरून पाच-दहा मिनिटे सलग दाबायचा. खरे काम या दाबण्याचेच. इथे घाई केली की पुढचे फसते. सूज ओसरली की दोन्ही अंगठ्यांनी टोक मागे ढकलत बोटांनी कातडी पुढे ओढायची. आजोबांची कातडी दुसऱ्या प्रयत्नात पुढे आली. दाबून भागले नाही, तर सुईने बारीक छिद्रे पाडून पाणी काढतात, नाहीतर घट्ट कडेवर उभा छेद देतात. ओली साखर गॉजमध्ये बांधून सुजेतले पाणी ओढून घेण्याची जुनी युक्तीही आहे. पण तिला तास-दोन तास लागतात, म्हणून रंग बदललेल्या टोकावर ती वापरू नये.

टोक काळसर, थंड किंवा बधिर झाले असेल, तर घरी ओढाताण न करता थेट सर्जन असलेले रुग्णालय गाठावे. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयातही जाता येते. मुलांच्या बाबतीत कडेशी केस किंवा दोरा गुंडाळलेला नाही ना, हेही पाहावे, कारण त्यानेही अशीच सूज येते.

पुन्हा अडकण्याचा धोका असल्यास सूज पूर्ण उतरल्यावर सुंता सुचवली जाते. नळी असलेल्या रुग्णाची कातडी पुढे आहे का, हे मात्र घरच्यांनी रोजच्या स्वच्छतेनंतर बघायचे असते.